फोनवर ऑडिओ कापणं-जोडणं म्हणजे टाइमपास?

मूळ पोस्ट (त्रस्त_श्रोता): फोनवर चार तुकडे जोडले. प्रत्येक सांध्यावर 'टक्', वर आवाज डब्यातून आल्यासारखा. कॉम्प्युटर नसलेल्यांनी या भानगडीत पडूच नये.

खुडबुड्या: शेवटचं वाक्य डोक्यात गेलं म्हणून लिहितोय. 'टक्' फोनमुळे येत नाही. स्क्रीनवरची आवाजाची लाट वर चढलेली असताना मधेच कापलीत की येतो, कॉम्प्युटरवरही येईल. दोन बोटांनी लाट भरपूर ताणा आणि ती मधल्या आडव्या रेषेला छेदते तिथेच कापा. बोट स्थिर राहत नसेल तर आधीच्या तुकड्याच्या शेवटी फेड-आउट, पुढच्याच्या सुरुवातीला फेड-इन द्या. १०-२० मिलिसेकंद पुरे, जास्त दिलंत तर अक्षर खाल्लं जातं.

डब्याचं म्हणाल, तर प्रत्येक तुकडा कापून MP3 केला असणार आणि जोडल्यावर पुन्हा MP3. दर वेळी थोडा आवाज फेकला जातो. मधलं सगळं WAV मध्ये ठेवा, MP3 फक्त शेवटी एकदा. दहा मिनिटांची मोनो WAV साधारण ५० एमबी होते, तीच ९६ केबीपीएसच्या MP3 मध्ये ७ एमबी. काम झालं की WAV उडवा.

बाळूमामा_ऑनलाइन: बरोबर. मी तर जुन्या MP3 पण WAV करतो, क्वालिटी परत येते.

खुडबुड्या: गेलेलं परत येत नाही हो. फाइल फुगते, बस्स. पुढची घट थांबते एवढाच फायदा.

बाळूमामा_ऑनलाइन: माझ्या कानांना फरक कळतो. तुमचे कान तुमच्यापाशी.

गोष्टवाली: कोणी श्वासांबद्दल बोलेल का? मी गोष्टी रेकॉर्ड करते. सगळे श्वास कापले, तर नातू म्हणाला, "आजी, तू रोबो झालीस का?"

काटेकोर: श्वास कापायलाच हवेत. ऐकताना किळस येते.

गोष्टवाली: मग तुम्ही बोलताना श्वास घेत नाही वाटतं!

काटेकोर: विषय एडिटिंगचा आहे, टोमण्यांचा नाही.

खुडबुड्या: कापू नका, फक्त तेवढ्या भागाचा आवाज उतरवा. कापलंत की दोन शब्द एकमेकांवर आदळतात.

काटेकोर: अर्ध्या तासाच्या रेकॉर्डिंगमधला प्रत्येक श्वास बोटाने निवडत बसायचा? धन्य आहे.

त्रस्त_श्रोता: श्वास राहू द्या, धागा माझा आहे. मूळ रेकॉर्डिंग घेऊन WAV वर पुन्हा केलं. डबा गेला, मान्य. दोन 'टक्' गेले. तिसऱ्या सांध्यावर अजून खटकतंय, आता बोला.

खुडबुड्या: तिथे मागचा पंख्याचा आवाज अचानक तुटतोय का?

त्रस्त_श्रोता: हो. पुढच्या तुकड्यात पंखा बंद होता.

खुडबुड्या: मग तो 'टक्' नव्हेच. दोन्ही तुकडे वेगळ्या ट्रॅकवर ठेवून बोलणं नसलेल्या जागी अर्धा सेकंद एकमेकांवर चढवा, क्रॉसफेड द्या. तुमच्या अ‍ॅपमध्ये एकच ट्रॅक असेल तर अ‍ॅप बदला. पंख्याचा फरक तरी राहीलच, फक्त दचकायला होणार नाही.

त्रस्त_श्रोता: म्हणजे आता अ‍ॅप बदला. हेच म्हणत होतो मी.