अंकाचा कागद: ८० पौंड म्हणजे कुठले ८०?

स्मिता:
नमस्कार मंडळी, अंकाची फाइल तयार आहे. ९६ पानं, लेटर आकार. डिझायनरने लिहून दिलंय: आतली पानं ११५ जीएसएम, कव्हर २५० जीएसएम. छापखान्याच्या फॉर्मवर मात्र जीएसएमचं नावच नाही. तिथे `80# Text`, `100# Text`, `80# Cover`, `100# Cover` एवढंच निवडायला आहे. आतल्या पानांना ८० वाचून मी `80# Cover` वर टिक करणार होते, मग हात थांबला. शुक्रवारी ऑर्डर द्यायची आहे.

निखिल:
ताई, सोपं आहे. जीएसएमला १.४८ ने भागा. ११५ चे ७८ येतात, म्हणजे ८० घ्या. कव्हरचे १६९ येतात. तेवढं यादीत नसेल तर सगळ्यात जाड असेल ते घ्या.

अरविंदकाका:
स्मिता, ८० पौंडांचं एकच खोकं मागवू नकोस गं. कुणाची तरी कंबर धरेल. चार लहान खोकी करायला सांग.

सुलभामावशी:
अरविंदराव, खोक्याचं नाही, कागदाचं चाललंय! (खोकी लहान असावीत हे मात्र खरं.)

निखिल, आतल्या पानांचा तुझा हिशोब बरोबर, कव्हरचा चुकला. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. फॉर्मवरचा `#` म्हणजे पौंड, आणि हा पौंडाचा आकडा ५०० तावांचं वजन असतो, आणि ताव केवढा धरायचा ते कागदाच्या जातीवर ठरतं. टेक्स्टचा ताव २५ बाय ३८ इंच, कव्हरचा २० बाय २६. म्हणजे कव्हरचा ताव टेक्स्टच्या निम्म्याहून थोडासाच मोठा. एवढ्याशा तावाच्या रिमाने ८० पौंड भरायचे तर कागद तितकाच भारी हवा. म्हणून टेक्स्टला १.४८ ने भागायचं आणि कव्हरला २.७ ने.

२५० भागिले २.७ म्हणजे साडेब्याण्णव. फॉर्मवर त्याच्या खाली ८० आहे, म्हणजे २१६ जीएसएम, आणि वर १००, म्हणजे २७०. मी १०० घेईन. २१६ चं कव्हर ९६ पानी अंकाला लेचंपेचं वाटतं.

स्मिता, हात थांबला ते बरं झालं. `80# Text` म्हणजे ११८ जीएसएम, तुला हवा तोच. ९६ पानांचे ४८ कागद मिळून साधारण ३४० ग्रॅम होतात. तेच `80# Cover` वर छापले असते तर सव्वासहाशे ग्रॅम, आणि अंक उघडून ठेवला की आपोआप मिटला असता. ऑर्डर देताना नुसतं "८० पौंड" कधी लिहू नये, पुढचा शब्द लिहायचाच.

प्रिया:
अय्या, माझं हेच झालं होतं! ८० च्या कव्हरपेक्षा जाड हवं म्हणून ११० पौंडाचा इंडेक्स कागद आणला, तर हाताला पातळ लागला. मला वाटलं दुकानदाराने फसवलं.

सुलभामावशी:
फसवलं नाही गं. इंडेक्सचा ताव आणखी वेगळा, साडेपंचवीस बाय साडेतीस. ११० चा इंडेक्स जेमतेम २०० जीएसएम होतो. घरच्या प्रिंटरचा २० पौंडी कागद तर ७५ जीएसएम, कारण त्याचा ताव १७ बाय २२ चा.

शंका आली तर स्वयंपाकघरातला काटा काढ. लेटर आकाराचे दहा कागद तोल आणि ग्रॅमचा आकडा १.६६ ने गुण. आला तो जीएसएम. दहा कागद ४५ ग्रॅम भरले की समज ७५ चा आहे.

निखिल:
मान्य, मावशी. पण डिझायनरने स्पाइनची रुंदी ११५ धरून काढली आहे. आता ११८ झाला, म्हणजे कव्हरची फाइल बदलायची?

सुलभामावशी:
तीन जीएसएमने काही बिघडत नाही. बिघडतं ते जाडीने. वजन तेच असलं तरी ग्लॉस कागद दाबून गुळगुळीत केलेला, त्यामुळे पातळ, बिनकोटिंगचा फुगीर. ४८ कागदांत तो फरक स्पाइनवर दिसतो आणि नाव कडेला सरकतं. जीएसएमवरून जाडी काढू नका. नेमक्या त्या कागदाची जाडी छापखान्याला विचारा आणि डिझायनरला कळवा.

स्मिता:
विचारलं. ते म्हणतात, आधी ग्लॉस की मॅट ते सांगा, मग जाडी सांगतो. डिझायनरने काय धरलं होतं ते त्यालाही आठवत नाही. तोवर फॉर्मवर आत `80# Text` आणि बाहेर `100# Cover` टाकून ठेवलंय.

अरविंदकाका:
मॅट घ्या. ग्लॉसवर दिव्याचा उजेड पडला की मला अक्षर दिसत नाही. आणि खोकी चार.