सहलीच्या पत्रातलं "शाळा जबाबदार राहणार नाही" हे वाक्य

डिचोलीची_आई
मुलगी सातवीत आहे. शाळेतून पत्र आलंय: "शनिवारी सकाळी ७ वाजता निघून केरी समुद्रकिनारा, संध्याकाळी परत. वर्गणी ६५० रुपये. मुलांची योग्य ती काळजी घेतली जाईल. कोणतीही दुर्घटना घडल्यास शाळा जबाबदार राहणार नाही, याची मला जाणीव आहे." खाली सहीची जागा. मी विचारायला गेले तर पालक संघातले एक जण म्हणाले, विश्वास नसेल तर मुलीला घरीच ठेवा. सही करू का?

निवृत्त_बाई
त्या "घरीच ठेवा"चा मला फार राग आला, म्हणून लांब लिहिते. मी एकवीस वर्षं सहलीची पत्रं लिहिली. पालक विचारतो म्हणजे त्याचा अविश्वास असतो असं नाही, पत्रात उत्तर नसतं म्हणून तो विचारतो.

या पत्रात नेमकं काय नाही ते बघा. केरीला जायचं तर पहिला प्रश्न पाण्याचा. तिथे तेरेखोलची नदी समुद्राला मिळते आणि ओहोटीला पाणी बाहेर जोरात ओढतं. मुलगा गुडघाभर पाण्यात उभा असला तरी पायाखालची वाळू सरकते. म्हणून "योग्य ती काळजी" लिहून भागत नाही. एक तर "मुलं पाण्यात उतरणार नाहीत" असं लिहा, नाहीतर सगळं लिहा: जीवरक्षक आहेत तिथेच, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे, गुडघ्यापर्यंत, एका वेळी दहा मुलं आणि दोन शिक्षक, लाल बावटा असला तर पाणी बंद. त्या दिवशीची भरती-ओहोटी आदल्या दिवशी बघायची आणि पाण्याची वेळ त्यावरून ठरवायची. जेवणानंतर मोकळा वेळ आहे म्हणून मुलं पाण्यात सोडायची नाहीत.

मुलं किती वेळा मोजणार हेही मी पत्रात लिहायची. बसमध्ये चढताना, उतरल्यावर, पाण्यातून बाहेर आल्यावर, जेवणाच्या पंगतीत, परत चढताना. पटावरून नाव घेऊन मोजायचं. नुसती डोकी मोजली तर दुसऱ्या शाळेचा मुलगाही मोजला जातो. आमच्याकडे एकदा तसंच झालं आणि आमचा एक मुलगा शहाळेवाल्याकडे उभा होता.

पणजीचा_वकील
बाई पाण्याचं बरोबर सांगतात, पण मूळ प्रश्न सहीचा आहे. त्या वाक्याला कायद्यात काडीची किंमत नाही. कोणीही सही करा, काही फरक पडत नाही. १९९५ साली पठाणकोटकडच्या एका शाळेची सहल बियास नदीवर गेली आणि १४ मुलं बुडाली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली भरपाई कायम केली, प्रत्येकी ५ लाख. मुलं शाळेच्या ताब्यात असताना काळजी घेणं हे शाळेचं काम, असाच त्याचा अर्थ.

निवृत्त_बाई
वकीलसाहेब, अर्धं पटलं. निष्काळजीपणा झाला तर ते वाक्य शाळेला वाचवत नाही, हे खरं. पण संमतीपत्रालाच किंमत नाही असं म्हणू नका. मुलगी कुठे जाते, किती वाजता परत येते, पाण्यात उतरणार की नाही, हे पालकाला ठाऊक होतं याचा तो पुरावा असतो. औषधाची माहितीही त्यातूनच येते. तेवढ्यासाठी ते हवं.

पणजीचा_वकील
बरं, संमतीपत्र राहू दे. जबाबदारी झटकणारं वाक्य मात्र काढा, या मतावर मी आहे.

संघ_सदस्य_नाही_पण
शाळांची बाजू कुणी घेणार की नाही? मी शिक्षक आहे. एवढंसं खरचटलं तरी पालक आठ दिवस फोन करतात. ते वाक्य आम्ही भीतीपोटी घालतो. सगळ्या अटी लिहिल्या तर दोन पानं होतील, वाचणार कोण?

दमेकरी_मुलाचा_बाबा
दोन पानं झाली तरी मी वाचीन. माझा मुलगा गेल्या वर्षी सहलीला गेला. पंप दप्तरात, दप्तर बसमध्ये, बसला कुलूप आणि चालक चहाला. पोरगं वाळूत बसून श्वास ओढतंय. पंधरा मिनिटांनी चावी मिळाली. माझ्या संमतीपत्रात औषधाची जागाच नव्हती. मी तोंडी सांगितलं होतं, पण सांगितलं त्या बाई आजारी पडल्या, दुसऱ्या गेल्या. आजार, औषध, ते कुणाच्या हातात, दोन फोन नंबर, सर्वांत जवळचा दवाखाना. पाच ओळी होतात, सर. १०८ लावायला कुणी तरी रेंज असलेल्या जागी जायचं, हेही कुणी तरी आधी ठरवायला हवं.

संघ_सदस्य_नाही_पण
औषधाचं मान्य. आमच्या पत्रातही ती जागा नाही. घालू.

सत्तरीकर
सगळे पाण्यात बुडलात, ६५० वर कोणी बोलत नाही! केरीला ६५० कशाला? बालरथ शाळेत उभे असतात, खासगी बस का?

संघ_सदस्य_नाही_पण
शनिवारी सकाळी बाकीच्या वर्गांची शाळा असते. सातवीला घेऊन बालरथ केरीला गेला तर लहान मुलांना घरून कोण आणणार?

सत्तरीकर
मग हिशोब दाखवा. दाखवत नाहीत म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

निवृत्त_बाई
कुणाला चोर म्हणण्याआधी हिशोब कसा बसतो ते ऐका. आमच्या एका सहलीला पट ७२ होता, पण ६० येतील असं धरलं. दोन बस ८,००० प्रमाणे १६,०००. साठ मुलं आणि सहा शिक्षक यांचं जेवण-नाश्ता १५० प्रमाणे ९,९००. पाणी आणि प्रथमोपचार १,१००. एकूण २७,०००, माणशी ४५०. सगळे ७२ धरले असते तर ४०० पडले असते, आणि आले ६० तर ३,००० कमी. मुलं कमी आली म्हणून बसचं भाडं कमी होत नाही. म्हणून आकडा फुगलेला वाटतो. पण हे चार आकडे पत्रात छापायला काय हरकत होती? उरलेले पैसे परत मिळणार का, तेही लिहायचं.

वाळपईची_मावशी
हिशोब ठीक, पण मी सहावीत असताना आमच्या बाबांकडे सहलीचे पैसे नव्हते. वर्गात पैसे न दिलेल्यांची नावं वाचायचे. तिसऱ्या दिवशी मी ताप आहे सांगून घरी राहिले. आईने कपाळाला हात लावला, काही बोलली नाही. चाळीस वर्षं झाली, केरी मी अजून बघितलेली नाही. पत्रात एक ओळ घाला: अडचण असेल तर वर्गशिक्षकांना एकट्याने भेटा. आणि नावं वाचू नका.

सत्तरीकर
मावशी, हे वाचून माझा आवाज खाली आला. पण ६५० चा हिशोब मी मागणारच.

संघ_सदस्य_नाही_पण
मागा. मात्र "पाणी मुरतंय" हा शब्द परत घ्या. आम्ही शिक्षक त्या दिवशी पहाटे पाचला उठून पदरचे पैसे घालतो.

सत्तरीकर
तुमच्यापुरता घेतो.

डिचोलीची_आई
मी आज सही केली. शेवटचं वाक्य खोडून वर लिहिलं, "मुलगी पाण्यात उतरणार नाही या अटीवर". परतीची वेळ संध्याकाळी किती, असं शेजारी प्रश्नचिन्ह घालून विचारलं. वर्गशिक्षिकेने माझ्यासमोर "६.३०, उशीर झाल्यास गटावर निरोप" असं पेनाने लिहून दिलं. मुख्याध्यापक म्हणाले, खोडलेलं संमतीपत्र चालतं का ते विचारून सांगतो. हिशोबाबद्दल काहीच बोलले नाहीत. मुलगी मात्र माझ्यावर रागावलीय, सगळ्या मैत्रिणी पाण्यात जाणार म्हणून.