मदत हवी आहे: बाळ घरी येतंय, मोठ्या भावंडाला काय द्यावं? (परवापर्यंत हवं)

धावपळ
परवा ताई बाळाला घेऊन घरी येतेय. बाळाचं सगळं आणून झालं, पहिल्यासाठी मात्र काहीच घेतलेलं नाही. आई म्हणते, त्याच्याही हातात काहीतरी पडायला हवं, नाहीतर रुसून बसेल. ऑनलाइन बघितलं तर 'बिग ब्रदर' छापलेले टीशर्ट आणि रिमोटच्या गाड्या. बजेट दीड हजार. कृपया वस्तूंची नावं द्या, बालमानसशास्त्र नको.

सदाफुली
वय?

खडूस_आजोबा
चांदीचे वाळे घेऊ नका. बाळ अंगाने भरलं की घट्ट होतात आणि आतल्या बाजूला मळ साठतो. त्यापेक्षा चांदीची वाटी आणि चमचा घ्या, उष्टावणापासून पुढे वापरात राहतात. चमच्याची कड बोट फिरवून बघून घ्या.

धावपळ
आजोबा, बाळासाठी नाही हो, मोठ्यासाठी विचारतोय. वय साडेतीन.

निंबोणी
अजून थोडं सांगा. नॉर्मल की सिझर? ताई स्वतःच्या घरी जाणार की माहेरी? आणि मुलगा रात्री कुणाजवळ झोपतो?

धावपळ
सिझर. माहेरी, म्हणजे आमच्याकडे मिरजेला. भावजी पुण्यात, शनिवार-रविवारी येतात. झोपतो आईजवळच. पण याचा भेटवस्तूशी काय संबंध?

सदाफुली
म्हणजे पोराचं घर सुटलं, शाळा सुटली, बाबा लांब, आणि आता आईची कूसही गेली. हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना!

टिवल्याबावल्या
सोपं आहे. बाळानेच भेट आणली म्हणून सांगायचं. गाडी कागदात गुंडाळून पाळण्यात ठेवा. पोरगं खूश, विषय संपला.

निंबोणी
संबंध असा. सिझरनंतर साधारण सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका असं सांगतात. साडेतीन वर्षांचं मूल चौदा-पंधरा किलोचं असतं. काल-परवापर्यंत 'आई, घे' म्हटलं की ती पलंगावर घ्यायची, आता घेणार नाही, आणि कारण त्याच्या डोळ्यांना एकच दिसतं: बाळ. म्हणून पहिली वस्तू म्हणजे पलंगावर स्वतः चढायला एक बुटकं स्टूल. पलंग साधारण दीड फूट उंच असेल तर स्टूल आठ-नऊ इंचांचं पुरतं. पायांना रबर हवं. दुकानात अगदी कडेवर पाय देऊन बघा, कलंडलं तर घेऊ नका. दोन-चारशे रुपयांत मिळतं. रंग त्यालाच निवडू द्या, आणि ते 'त्याचं आईजवळ यायचं स्टूल' म्हणूनच द्या. त्यावर बाकी कुणी पाय ठेवायचा नाही.

दुसरी वस्तू म्हणजे दूध पाजण्याच्या वेळेचा डबा. सुरुवातीच्या आठवड्यांत बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं, आणि एकेक वेळ वीस ते चाळीस मिनिटांची असते. यातल्या पाच-सहा वेळा मोठा जागा असतो. नेमक्या याच वेळी शू लागते, दूध सांडतं, बाळाचा पाय ओढला जातो, कारण मांडी अडलेली असते आणि आई उठू शकत नाही. तेव्हा भेट घ्यायची ती या अर्ध्या तासासाठी.

झाकण त्याला स्वतःला उघडता येईल असा एक डबा घ्या. आत या चार गोष्टी: पाण्याच्या पेनाचं चित्रांचं पुस्तक (पेनात पाणी भरायचं, पानावर फिरवलं की रंग उमटतात, वाळलं की पुन्हा कोरं), काढून परत लावता येणाऱ्या स्टिकरांचं पुस्तक, बारा तुकड्यांचं कोडं, आणि आईला एका हाताने धरून वाचता येईल असं जाड पानांचं गोष्टीचं पुस्तक. शिवाय चुरमुऱ्यांची छोटी डबी. क्ले, कात्री, मणी नकोत. जिथे मोठ्या माणसाला उठावं लागतं ते काहीच नको.

धावपळ
हे कामाचं आहे. पण चारही एकदम दिलं तर दोन दिवसांत कंटाळेल.

निंबोणी
म्हणूनच एका वेळी दोनच ठेवा. बाकीचं कपाटात, तीन-चार दिवसांनी अदलाबदल. डबा फक्त बाळ पिताना उघडायचा, पिऊन झालं की झाकण बंद. दिवसभर उघडा राहिला तर ते घरातलं अजून एक खेळणं होतं.

दुसरी गफलत याहून वाईट. आजी म्हणते, 'जा, तुझा डबा घेऊन बाहेर खेळ.' मग डबा म्हणजे हाकलून देण्याची खूण, आणि पोरगं तो फेकून देतं. डबा उघडायचा तो आईच्या शेजारीच. टाके आहेत, म्हणून त्याला पायांकडे किंवा पोटाजवळ बसवू नका. आईच्या खांद्याच्या बाजूला, उशीला टेकून बसवा, आणि तिच्या पोटावर एक उशी ठेवा. एखादी लाथ बसली तरी उशीला बसेल.

टिवल्याबावल्या
एवढा खटाटोप कशाला? माझ्या भाचीला रडणारी बॅटरीची बाहुली दिली होती. बटण दाबलं की रडते, बाटली लावली की गप्प. आई बाळाला पाजते, ती बाहुलीला.

सदाफुली
मुलाला बाहुली?

टिवल्याबावल्या
का नाही? बाबा लोक बाळ घेत नाहीत का?

निंबोणी
बाहुलीला माझी ना नाही, बॅटरीला आहे. एक तर ती रडली की खरं बाळ उठतं आणि ओरडा मोठ्याला बसतो. दुसरं, लहान बाहुल्यांत बटण सेल असतात. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकतं. घ्यायचीच असेल तर सेलचं झाकण स्क्रूने बंद होतंय का आणि खेळण्यावर आयएसआय चिन्ह आहे का हे बघा. 2021 पासून आपल्याकडे ते सक्तीचं आहे, पण रस्त्यावरच्या मालावर क्वचित दिसतं.

साधी बाहुली घेतली तर फूट-सव्वा फुटाची घ्या. बाळाचं लहान लंगोट दुमडून तिला बसतं. त्याला गाठ मारता येणार नाही, म्हणून नाड्यांच्या जागी वेल्क्रो शिवून द्या. न्हाऊ घालणार असेल तर पूर्ण प्लास्टिकची हवी. कापडी पोटाची बाहुली आत ओली राहते आणि आठवड्याभरात कुबट वास मारते. आणि त्याने तिला आपटलं, फेकलं तर रागावू नका. राग बाहुलीवर निघालेला परवडतो.

टिवल्याबावल्या
बरं, बॅटरी सोडली. पण बाळाने भेट आणायची कल्पना तरी मान्य करा.

निंबोणी
अर्धी. पहिल्या भेटीत हातात काहीतरी येतं, तेवढं ठीक. पण साडेतीन वर्षांचं मूल विचारतं, 'बाळ दुकानात कसं गेलं?' आणि दुसऱ्या दिवशी, 'आज काय आणलं?' गाडी द्यायचीच असेल तर मामाने स्वतःच्या नावाने द्यावी. आणि बाळ आईच्या हातात असताना द्यायची नाही. परवा ताई दारातून आत येईल तेव्हा बाळ आजीकडे असू द्या, ताईने खाली बसून आधी मोठ्याला जवळ घ्यावं, मग बाकीचं.

उलट बाजूची भेट जास्त टिकते, म्हणजे मोठ्याने बाळाला द्यायची. नवजात बाळाला वीतभर ते फूटभर अंतरावरचं दिसतं, आणि काळ्या-पांढऱ्याचा ठळक फरक सगळ्यात आधी कळतो. पांढऱ्या कार्डशीटचे वीतभर चौकोन कापा आणि काळ्या मार्करने त्याला बोटाएवढे जाड पट्टे, गोल, फुल्या काढू द्या. बाळ दूध पिऊन शांत, जागं असताना मोठ्याने कार्ड तेवढ्या अंतरावर धरायचं. बाळ खरोखर टक लावतं, आणि ते आपल्या चित्राकडे बघतंय हे त्यालाही दिसतं. दोन गोष्टी सांभाळा. कार्ड पाळण्यात ठेवायचं नाही, आणि दोऱ्याने टांगायचं तर अजिबात नाही, दोरा गळ्याभोवती अडकू शकतो. शिवाय त्याला आधीच सांगून ठेवा की बाळ इतक्यात हसणार नाही, त्याला अजून दीडेक महिना आहे. नाहीतर 'त्याला आवडलंच नाही' म्हणून चिडेल.

रानवारा
घरात येणं सोपं आहे, खरी कसोटी बारशाला. चाळीस पाहुणे, चाळीस झबली, आणि मोठा मधे उभा. दहा-बारा छोट्या भेटी गुंडाळून कपाटात ठेवा. कुणी त्याला विसरलं की हळूच एक त्याच्या हातात.

सदाफुली
नको. मग तो प्रत्येक पाहुण्याच्या पिशवीत हात घालतो. त्याला काम द्या. बाळाला आलेल्या पाकिटांचे कागद त्यानेच फोडायचे, कपडे एका टोपलीत, खेळणी दुसऱ्या. साडेतीनला कागद फाडण्यातच निम्मी मजा असते. आणि पेढे त्याच्याच हातून वाटा.

खडूस_आजोबा
पेढे मुलगा झाला तर. मुलगी असेल तर बर्फी. काय झालंय ते धागाकर्त्याने अजून सांगितलेलंच नाही.

रानवारा
आजोबा, आता दोन्हीला पेढेच वाटतात.

खडूस_आजोबा
आमच्याकडे नाही वाटत.

धावपळ
मुलगी झाली आहे. बर्फी-पेढ्याचं आई बघेल. रानवारा की सदाफुली, कुणाचं ऐकू?

निंबोणी
चारचौघांत मी सदाफुलीचंच करेन. पण दोन-तीन भेटी कपाटात असू द्या, रानवाराचंही अगदी चुकीचं नाही. नावाच्या वेळी आत्या कानात 'कुर्र' करेल, तिच्यानंतर मोठ्यालाही करू द्या. आधी घरात सराव घ्या, नाहीतर कानात जोरात ओरडेल.

धावपळ
स्टूल मिळालं, हिरवं घेतलं, त्यानेच निवडलं. डबा घरातलाच धुऊन ठेवला. पाण्याच्या पेनाचं पुस्तक मिरजेत मिळालं नाही, ऑनलाइन चार दिवसांनी येईल. तोवर?

रानवारा
पाटी. ओल्या स्पंजाचा तुकडा वाटीच्या झाकणात ठेवा आणि बोटाने किंवा ब्रशने पाटीवर रेघा मारू द्या. पाणी वाळलं की पाटी कोरी. पुस्तकात यापेक्षा वेगळं काही नाही, वर खडूची धूळही नाही. वाटीभर पाणी मात्र देऊ नका, गादीवर सांडेल.

धावपळ
दगडी की पत्र्याची?

रानवारा
दगडी. ओली झाली की काळीभोर दिसते. पत्र्याच्या पाटीवर पाण्याचे थेंब गोळा होतात, रेघ उमटत नाही.

सदाफुली
दगडी पलंगावरून पडली की फुटेल, आणि कपच्या बाळाच्या दुपट्यात. पत्र्याचीच घ्या.

रानवारा
लाकडी चौकटीची घ्या आणि मागून पूर्ण चिकटपट्टी लावा. फुटली तरी तुकडे सुटणार नाहीत.

सदाफुली
पुढच्या बाजूच्या कपच्या सुटतीलच की.

धावपळ
दोन्ही घेतो. दगडी खाली जमिनीवर, पत्र्याची पलंगावर. सेलोटेप चालेल की ब्राऊन टेप?