फ्रिजमध्ये कच्च्या चिकनचं पाणी खालच्या कप्प्यात गळलं, तर काय काय टाकायचं?

> "रात्रभर चिकनचं पाणी खाली ठिबकत होतं. खालचं सगळंच टाकायचं, की धुऊन चालेल?"

सगळंच नको. प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न लावा: खाण्याआधी ही नीट शिजणार आहे का? चिरलेली काकडी, कापलेली फळं, उघडं चीज यांवर थेंब पडला असेल, तर ती सरळ टाका. धुऊन भागत नाही. चिरलेल्या भागात पाणी मुरतं, आणि थंडीने कच्च्या चिकनमधला साल्मोनेला हा जंतू मरत नाही, फक्त वाढायचा थांबतो. उघडा ठेवलेला शिजवलेला भातही गेलाच. गरम करून खाऊ म्हणाल, पण मधोमध ७४ अंश सेल्सिअस झालं की नाही हे आपण कुठे मोजतो?

खरी फसगत झाकणाच्या डब्यांत होते. नुसतं वर ठेवलेलं झाकण असेल, तर पाणी कडेने आत उतरतं. झाकण उचलून त्याची आतली कड बघा. तिथे गुलाबीसर ओल किंवा चिकटपणा दिसला, तर आतलं टाका. शंका असली तरी टाकाच. सीलबंद पाकीट किंवा बाटली मात्र उघडण्यापूर्वी साबणाने धुऊन पुसली की वापरता येते. पुठ्ठ्याचा खोका भिजला असेल, तर तो ठेवू नका.

कप्प्याची काच बाहेर काढून धुवा, पाणी तिच्या खोबणीत साचतं.