‘अधिकृतता’, ‘परवानगी’ की ‘अधिकारपत्र’? ब्रँडमालकाला लिहायच्या पत्रातले शब्द

सायकलदिवा
मी सायकलींचे दिवे घाऊक घेऊन एका ऑनलाइन मार्केटप्लेसवर विकायला सुरुवात करतोय. एका ब्रँडचा दिवा विक्रीला टाकायला गेलो, तर आधी ब्रँडमालकाचं लेखी ऑथरायझेशन जोडा, असं आलं. समोरच्यांचा पत्रव्यवहार मराठीत चालतो, म्हणून मसुदा मराठीतच केलाय :

> विषय : उत्पादनांच्या पुनर्विक्रीसाठी अधिकृतता मिळण्याबाबत.
> आम्ही आपल्या उत्पादनांची बाजारपेठेत पुनर्विक्री करू इच्छितो. आपल्या परवानगीशिवाय आम्हाला ती विकता येत नाहीत. तरी आम्हाला लेखी अधिकृतता द्यावी, ही विनंती.

‘अधिकृतता’ कानाला खटकतोय, पण का ते सांगता येत नाही. ‘अधिकारपत्र’ लिहू का?

मुद्रितशोधक
खटकतोय ते बरोबरच आहे. ‘अधिकृतता’ हा गुण आहे. बातमीची अधिकृतता तपासतात, सहीची तपासतात. गुण असतो किंवा नसतो, तो कुणी कुणाला ‘देत’ नाही. माणसाला अधिकृत करतात, त्याला अधिकार देतात, परवानगी देतात.

दुसरी अडचण ‘अधिकृत’ या शब्दातच आहे. ‘अधिकृत विक्रेता’ म्हणजे ज्याला विकायला नेमलंय तो. पण ‘अधिकृत माल’ म्हटलं की लोकांना ‘अस्सल माल’ ऐकू येतं. तुमच्या पत्रात विषय उत्पादनांपासून सुरू होतो आणि अधिकृततेवर संपतो. वाचणाऱ्याला वाटेल, तुम्ही दिव्यांच्या अस्सलपणाचा दाखला मागताय.

गोदामवाली
माझ्या बाबतीत अगदी हेच झालं. मी ‘आपल्या वस्तूंच्या अधिकृततेचे पत्र द्यावे’ असं लिहिलं होतं. उत्तर चार दिवसांत आलं, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह : ‘आमच्या सर्व वस्तू अस्सल असून दर्जा तपासूनच बाहेर पाठवल्या जातात.’ मी आनंदाने जोडलं आणि ते परत आलं. कारणात फक्त ‘कागदपत्र अपुरे’. शिक्का नीट उमटला नसेल म्हणून पुन्हा स्कॅन करून पाठवलं, तेही परत. तिसऱ्या खेपेला शांतपणे वाचलं तेव्हा दिसलं की त्या पत्रात माझ्या फर्मचं नावच नाही आणि ‘विकायला परवानगी’ हे शब्दही नाहीत. तीन आठवडे गेले. चूक त्यांची नव्हती, मी जे मागितलं तेच त्यांनी दिलं होतं.

हिशेबनीस
एवढी चर्चा कशाला? याला मुखत्यारपत्र म्हणतात. मुद्रांकावर करून नोटरी करून घ्या, कुणी नाकारणार नाही. आमच्या काकांनी घराच्या व्यवहारात तेच केलं होतं.

मुद्रितशोधक
नाही, हिशेबनीस. मुखत्यार दुसऱ्याच्या वतीने सही करतो, त्याच्या नावाने व्यवहार करतो. सायकलदिवा स्वतः माल विकत घेतात आणि स्वतःच्या नावाने, स्वतःच्या जोखमीवर विकतात. ब्रँडमालकाकडे मुखत्यारपत्र मागितलं, तर ते घाबरून नकारच देतील. ‘अधिकारपत्रा’लाही याची थोडी झाक आहे. बँकेत किंवा कार्यालयात आपल्या वतीने माणूस पाठवताना जे देतात, त्याला लोक अधिकारपत्र म्हणतात.

पहिलीविक्री
माझं मत वेगळं आहे. ‘परवानगी’ हा शब्दच काढून टाका. मालकाने वस्तू एकदा विकली की त्या वस्तूच्या पुढच्या विक्रीवर त्याचा व्यापारचिन्हाचा हक्क उरत नाही. मी विकत घेतलेला दिवा मी कुणालाही विकेन. त्यामुळे हे पत्रच अनावश्यक आहे.

करारवाचक
पहिला भाग बऱ्याच देशांत खरा आहे, निष्कर्ष मात्र निघत नाही. वस्तू अस्सल हवी, मालकाच्या संमतीने बाजारात आलेली हवी आणि तिच्यात किंवा वेष्टनात फेरफार केलेला नसावा. दुसऱ्या देशातून आणलेल्या मालाला हे तत्त्व लागू होतं का, याचं उत्तर देशागणिक बदलतं. शिवाय इथे अडवलंय मार्केटप्लेसने. तिथे विकायला बसताना आपण त्यांच्या अटी मान्य केलेल्या असतात. कायद्याने विक्री चालत असली तरी त्या अटीत पत्र हवं असेल, तर ते द्यावंच लागतं.

पण पहिलीविक्री यांच्या बोलण्यातून मसुद्यातली एक खरी चूक हाती लागते. ‘आपल्या परवानगीशिवाय आम्हाला ती विकता येत नाहीत’ हे वाक्य काढा. अशी कबुली कुणी मागितलेली नाही. उद्या दुसऱ्या दुकानातून विकताना वाद झाला, तर हेच वाक्य तुमच्यापुढे ठेवलं जाईल. खरं कारण लिहा : ‘मार्केटप्लेसच्या अटीनुसार ब्रँडमालकाचे लेखी परवानगीपत्र जोडणे आवश्यक आहे.’

आता शब्दांबद्दल. ‘परवानगी’ एखाद्या कृतीला असते. ‘मान्यता’ माणसाच्या दर्जाला असते. ‘हक्क’ किंवा ‘अधिकार’ म्हटलं की काहीतरी टिकाऊ हाती आल्यासारखं वाटतं. ‘विक्रीचे अधिकार द्यावेत’ असं लिहिलंत, तर त्यांच्या वकिलाला वाटेल की तुम्ही वितरणाचे हक्क मागताय, कदाचित इतरांना वगळून. ‘अधिकृत विक्रेता म्हणून मान्यता’ मागितलीत, तर वॉरंटीची दुरुस्ती, किमतीची बंधनं, नेमणुकीचा करार असे सगळे प्रश्न उभे राहतात. तुम्हाला एका ठिकाणी, एका ब्रँडचा माल विकायचाय. तेवढीच मागणी करा, तिला होकार मिळणं सोपं असतं.

सायकलदिवा
म्हणजे ‘परवानगी’. आणि त्यांनी फक्त ‘आमची हरकत नाही’ असं लिहिलं तर?

करारवाचक
मराठीत ‘हरकत नाही’ हे पुष्कळदा होकारासारखं वापरतात, पण कागदावर त्याचा अर्थ ‘आम्ही अडवत नाही’ एवढाच. मार्केटप्लेसला सहसा होकारार्थी वाक्य हवं असतं : ‘आम्ही अमुक यांना परवानगी देत आहोत.’ म्हणून विनंतीपत्रासोबत त्यांच्या उत्तराचाही मसुदा जोडा. त्यांना फक्त लेटरहेडवर घेऊन सही करायची राहील आणि शब्द तुमच्या गरजेचे असतील.

मुद्रितशोधक
‘बाजारपेठेत’ही बदला. बाजारपेठ म्हणजे गावातली पेठ, किंवा मालाला असलेली मागणी, किंवा प्रदेश. ‘बाजारपेठेत विक्रीस परवानगी’ हे कुठल्याही दुकानाला लागू पडतं आणि तुमच्या मार्केटप्लेसचा त्यात उल्लेखही होत नाही. ‘मार्केटप्लेस’ असंच लिहा आणि पुढे त्याचं नाव द्या.

‘पुनर्विक्री’बद्दलही मला शंका आहे. वाचणाऱ्याला जुन्या, वापरलेल्या वस्तू डोळ्यांपुढे येतात. ‘किरकोळ विक्री’ लिहिलं तर?

गोदामवाली
हे पटत नाही. आमच्या धंद्यात पुनर्विक्रेता म्हणजे घेऊन विकणारा, त्यात जुनं काही नाही. जुन्याला सरळ ‘सेकंडहँड’ म्हणतात. आणि ‘किरकोळ विक्री’ म्हटलं की माल कुणाकडून आला ते कळत नाही.

मुद्रितशोधक
धंद्यातल्या माणसाला कळेल, पण पत्र उघडणारा तिथला कारकून असू शकतो. मी आग्रह धरत नाही. निदान ‘नव्या, न वापरलेल्या, मूळ वेष्टनातील’ एवढं पुढे जोडा.

सायकलदिवा
जोडतो. आता पत्र आमच्या वितरकाला पाठवू ना? माल त्यांच्याकडूनच येतो, आणि ब्रँडही एका अर्थी त्यांचाच.

करारवाचक
थांबा, ‘ब्रँडमालक’ शब्दाचा सगळ्यात महागात पडणारा गोंधळ हाच आहे. वितरक मालक नसतो. कारखानाही पुष्कळदा मालक नसतो, तो दुसऱ्याच्या नावाने माल बनवून देतो. व्यापारचिन्हाची नोंदणी ज्याच्या नावावर आहे, तो मालक. वेष्टनावर ‘निर्माता’ म्हणून छापलेल्या नावावर विसंबू नका, व्यापारचिन्हांच्या नोंदवहीत शोधा. मराठीत मी ‘व्यापारचिन्हधारक’ म्हणेन, म्हणजे संदिग्धता राहत नाही.

वितरकाचं पत्र चालू शकतं, पण साखळी पूर्ण हवी. मालकाने वितरकाला दिलेलं पत्र हवं, त्यात पुढे इतरांना परवानगी देण्याची मुभा स्पष्ट लिहिलेली हवी, आणि मग वितरकाने तुम्हाला दिलेलं. मधली कडी नसेल तर वितरक कितीही मोठा असला तरी पत्र परत येऊ शकतं. खरेदीची बिलं वेगळी जपून ठेवा. माल कुठून आला हे त्यांतून दिसतं, पण परवानगी दिसत नाही.

पहिलीविक्री
‘व्यापारचिन्हधारक’ असं पत्रात संबोधलं तर फार कोरडं वाटेल. ‘ब्रँडमालक’ हा लोकांचा शब्द आहे.

करारवाचक
विनंतीपत्रात तोच ठेवा, चालेल. उत्तराच्या मसुद्यात मात्र धारकच हवा.

सायकलदिवा
नोंदवही पाहिली. चिन्ह वितरकाच्या नावावर नाही, वेगळ्याच संस्थेच्या नावावर आहे. तिला पाठवायचा नवा मसुदा :

> विषय : (मार्केटप्लेसचे नाव) येथे आपल्या ब्रँडच्या वस्तू विकण्यास लेखी परवानगी मिळण्याबाबत.
> आमची फर्म (नोंदणीतील पूर्ण नाव व पत्ता) आपल्या ब्रँडचे सायकलदिवे आपले वितरक (नाव) यांच्याकडून विकत घेते. नव्या, न वापरलेल्या, मूळ वेष्टनातील या वस्तू आम्ही वरील मार्केटप्लेसवर (दुकानाचे नाव) या नावाने विकू इच्छितो. मार्केटप्लेसच्या अटीनुसार ब्रँडमालकाचे लेखी परवानगीपत्र जोडणे आवश्यक आहे. खरेदीच्या बिलांच्या प्रती, वस्तूंची यादी व उत्तराचा मसुदा सोबत जोडला आहे.

उत्तराच्या मसुद्यात :

> (ब्रँडचे नाव) या व्यापारचिन्हाचे धारक या नात्याने आम्ही (फर्मचे नाव) यांना, सोबतच्या यादीतील वस्तू (मार्केटप्लेसचे नाव) येथे (दुकानाचे नाव) या नावाने विकण्यास, या पत्राच्या तारखेपासून 12 महिन्यांसाठी परवानगी देत आहोत.

गोदामवाली
फर्मचं नाव आणि दुकानाचं नाव दोन्ही लिहिलीत, हे फार बरं केलंत. मार्केटप्लेसच्या खात्यात फर्मचं नाव जसं नोंदवलंय तसंच पत्रात हवं, ‘आणि कंपनी’सकट. खाली सही करणाऱ्याचं नाव, पद आणि कंपनीचा ईमेल लिहायला जागा ठेवा. माझ्या वेळी खातरजमेसाठी त्यांना थेट विचारलं गेलं होतं.

मुद्रितशोधक
भाषेच्या दृष्टीने एकच : ‘प्रती, यादी व मसुदा जोडला आहे’ यात क्रियापद शेवटच्या शब्दाप्रमाणे गेलंय, ते चालतं. ‘परवानगीपत्र’ही छान बसलंय. सरकारी मराठीत याला ‘प्राधिकारपत्र’ म्हणतील. अर्थाने तो जास्त नेमका आहे असं मला अजून वाटतं, पण ब्रँडमालकाला तो वाचून काही उमगेल की नाही, सांगता येत नाही.

सायकलदिवा
पत्र पाठवलं. त्यांच्याकडून फोन आला, सही करायला तयार आहेत, पण 12 महिन्यांऐवजी ‘पुढील सूचना मिळेपर्यंत’ लिहू म्हणतात. चालेल का?

करारवाचक
ऐकायला ते जास्त उदार वाटतं, पण ती सूचना उद्याही येऊ शकते. शिवाय पत्र जुनं झालं की ते अजून लागू आहे का, हे तपासणाऱ्याला कागदावरून कळत नाही. ‘12 महिन्यांसाठी, त्याआधी लेखी सूचना देऊन मागे न घेतल्यास’ असं सुचवून पाहा. मागे घेण्याची मुभा त्यांच्याकडे राहते आणि तुमच्या हातात तारीख येते.