सूर ओळखीचे, चाल अनोळखी

> परदेशात किराणा दुकानात ओळखीची धून ऐकली, पण कुठली ते आठवेना. असं कुणाला झालंय का?

मी सांगलीची. इंग्लंडात शिकत होते तेव्हाच्या डायरीतली ही नोंद:

"शनिवार. चिनी दुकानात तांदूळ घेताना बासरीवर काहीतरी लागलं आणि पाय थबकले. हे मी गावभागातल्या क्लासात पेटीवर वाजवलंय, नक्की! शब्द मात्र एकही आठवेना. रस्ताभर गुणगुणत आले. खोलीवर मोबाईलमधल्या पेटीवर आधी सा धरला, मग एकेक सूर. सा रे ग प ध. म नाही, नि नाही. म्हणजे भूप! पण भूपातलं कोणतं गाणं? आईला फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, 'सूर भूपाचे आहेत गं, पण चाल आपली नाही.'"

आईचंच खरं होतं. चिनी संगीतातल्या एका पंचस्वरी रचनेत हेच पाच सूर येतात. पण तेवढ्यानं राग होत नाही. आपल्या देसकारातही हेच पाच आहेत. भूप गंधारावर विसावतो, देसकार धैवतावर, आणि लगेच माहोल बदलतो.

मला हे आधीच कळायला हवं होतं, कारण गुणगुणताना दर वेळी मी वेगळ्याच गाण्यात शिरत होते. खरंच आधी ऐकलेलं गाणं असतं, तर एखादी ओळ तरी ठरलेल्या जागी येऊन थांबली असती. पुन्हा ऐकू आलं तर तिथल्या तिथे रेकॉर्ड करा. घरी येईपर्यंत चाल आपल्या सवयीच्या वळणावर जाते. माझी तशीच गेली, आणि ती मूळ धून मला आजही सापडलेली नाही.