‘भरीव घुमट’ म्हणणं बरोबर आहे का?

शेवंती: सांचीच्या सहलीसाठी एक छोटी माहितीपुस्तिका मराठीत करतेय. महास्तूपाला मी ‘भरीव घुमट’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी लाल शाईत शेरा मारला: ‘घुमट म्हणजे आतून पोकळ. भरीव घुमट म्हणजे ओला दुष्काळ.’ मग काय लिहू?

पाटीलबुवा: बाईंचं बरोबर आहे. घुमट म्हटला की गोलघुमट डोळ्यांपुढे येतो, आत उभं राहून आवाज घुमवायचा. ‘अंड’ हा आपला जुना शब्द आहे, तोच वापरा.

शेवंती: सहावीच्या मुलांपुढे ‘स्तूपाचं अंडं’ म्हटलं तर वर्ग आवरता येईल का, पाटीलबुवा?

कोकणस्थ_नाही: भरीव असण्याचं कारण साधं आहे. त्या काळी घुमट उभारायचं तंत्र नव्हतं, म्हणून माती-विटांचा ढीग घातला.

लेणीवेडा: अर्धं खरं. दगडी घुमट तेव्हा इथे बांधत नव्हते, पण पोकळ छप्पर चांगलं ठाऊक होतं. बिहारमधल्या बराबर टेकडीवरच्या लोमश ऋषी लेण्याचं दार बघा, लाकडी कमानदार छपराची हुबेहूब नक्कल. आपल्या भाज्याच्या चैत्यगृहालाही तसंच छप्पर आहे, आणि त्याच्या आतला स्तूप मात्र भरीव. म्हणजे पोकळ हवं तिथे पोकळ केलंय. स्तूप मुळात अस्थींवर घातलेला ढिगारा. आत शिरून पाहायचं काही नाही, वंदन त्या ढिगालाच.

शिवाय भरीव वस्तू वाढवता येते. सांचीचा अशोककालीन विटांचा स्तूप आजच्या साधारण निम्म्या व्यासाचा होता. पुढे, इ.स.पू. दुसऱ्या शतकात, त्याभोवती दगडांची भिंत रचली, मधल्या जागेत ओबडधोबड दगड भरले आणि वर गिलावा केला. व्यास साडेछत्तीस मीटरच्या आसपास गेला. जुना स्तूप मोडला नाही, पोटात घेतला.

कोकणस्थ_नाही: बरं, पण मग आत अस्थी मिळाल्या का?

लेणीवेडा: महास्तूपात नाही. 1822 मध्ये कॅप्टन जॉन्सन नावाच्या साहेबाने एका बाजूने वरपासून खालपर्यंत फोडला. त्या भगदाडापायी पुढे पश्चिमेचं तोरण आणि स्तूपाभोवतीच्या कठड्याचा भाग कोसळला. 1851 मध्ये कनिंगहॅम आणि मेझीने मधोमध खाली खणलं, हाती काही लागलं नाही. बुद्धाचे पट्टशिष्य सारिपुत्त आणि मोग्गलान यांच्या अस्थी शेजारच्या तिसऱ्या स्तूपात सापडल्या.

मावशी_नागपूरकर: तोरण कोसळलं म्हणजे काय? आमच्याकडे तोरण आंब्याच्या पानांचं असतं, दारावर बांधतात.

लेणीवेडा: मावशी, सांचीचं तोरण दोन खांब आणि त्यांवर तीन आडव्या तुळया असं आहे. दगडाचं, पण बांधणी सुताराची. कठडाही तसाच: खांबांना खाचा पाडून आडव्या दांड्या त्यांत सरकवल्या आहेत. या दांड्यांना ‘सूची’ म्हणतात.

पाटीलबुवा: सूची म्हणजे सुई! यादी हा अर्थ नंतरचा. मराठीचं वाटोळं इथूनच सुरू झालं.

मावशी_नागपूरकर: आमच्या महादेवाच्या देवळात सोमसूत्र ओलांडत नाहीत, अर्ध्यातून परततात. स्तूपाला तसं असतं का?

लेणीवेडा: तिथे पूर्ण फेरी. तोरणातून आत गेलं की समोर कठडाच आडवा येतो, कारण मूळ वाट काटकोनात वळवलेली आहे, तोरणं नंतर पुढे उभी केली. वळून आत आलं की डावीकडे निघायचं, म्हणजे स्तूप उजव्या हाताला राहतो. कठडा तीन मीटरच्या वर उंच, त्यामुळे बाहेरचं जग दिसत नाही. बाजूला दगड आणि त्यांवर दान देणाऱ्यांची नावं. ‘दानं’ हा शेवटचा शब्द वारंवार येतो हे हेरूनच प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाला 1837 मध्ये ब्राह्मी लिपी उलगडायला मदत झाली. दुसरी फेरी वर, मधल्या ओट्यावरून. तिथे जायचे दोन जिने दक्षिणेला.

कोकणस्थ_नाही: स्तूप उजवीकडेच का? सूर्याच्या चालीने असणार.

लेणीवेडा: सूर्याचं सांगतात खरं. मला मात्र मान द्यायच्या वस्तूला उजवं अंग, ही रीत पुरेशी वाटते. दोन्ही एकदम असू शकतं.

पाटीलबुवा: मग ‘प्रदक्षिणा’ म्हणा, ‘फेरी’ नको. फेरी फेरीवाल्याची.

मावशी_नागपूरकर: पवनीला स्तूप आहे आमच्या बाजूला, तिथे का नाही नेत मुलांना?

शेवंती: मावशी, यंदाची गाडी ठरली. पण ‘घुमट’ खोडायचा की ठेवायचा, ते कुणी सांगेल का?

पाटीलबुवा: अंड.

कोकणस्थ_नाही: अर्धगोल. आणि ‘वेदिका’ लिहिताय की ‘कठडा’? त्यावर वेगळा धागा काढा.